गाडी विकली, पण फास्टॅग अजून तुमच्याच खात्यातून भरतोय

पत्र: मार्चमध्ये आमची वॅगन आर एका एजंटामार्फत विकली. फास्टॅग काचेवरच राहिला. शिल्लक ४०० च्या खाली गेली की आपोआप ५०० भरले जावेत अशी सोय मी कधीकाळी करून ठेवली होती, ती विसरूनच गेले. गाडी दिली तेव्हा टॅगमध्ये ६४० रुपये होते. परवा पासबुक भरून आणलं तर चार वेळा ५०० गेलेले! एकदा तर ॲप काढून टाकल्यानंतरही गेले. आता टॅगमध्ये ४०० दिसतात, आणि टॅग घेतानाच्या पावतीवर २०० रुपये अनामत लिहिलेली आहे. ही गळती थांबवायची कशी आणि यातलं परत काय मिळेल? मुलाच्या पुणे मेट्रोच्या कार्डालाही अशीच सोय लावली आहे. तो आता बंगळूरला नोकरीला गेला, तिथले पैसेही काढायचे आहेत. – एक वाचक, चिंचवड

उत्तर:

ताई, आधी पैसे जाणे थांबवा, मग टॅग बंद करा आणि परताव्याचे सगळ्यात शेवटी बघा. टॅग आधी बंद करायला गेलात तर बँक अर्जावर काम करेपर्यंतचे काही दिवस गाडी धावत राहील, शिल्लक ४०० च्या खाली जाईल आणि तेवढ्यात आणखी ५०० जातील.

ॲप काढल्यावरही पैसे का गेले, ते आधी समजून घ्या, म्हणजे नेमके काय बंद करायचे ते लक्षात येईल. आपोआप भरण्याच्या या सोयीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे टॅगच्या किंवा वॉलेटच्या ॲपमधली सूचना: शिल्लक अमुकच्या खाली गेली की तमुक रक्कम माग. दुसरी म्हणजे तुमच्या बँकेला दिलेली परवानगी, जिला मँडेट म्हणतात: यांनी मागितले की माझ्या खात्यातून दे. ही परवानगी बँकेकडे नोंदलेली असते, फोनमध्ये नसते. म्हणून ॲप उडवले, फोन बदलला, नंबर बदलला तरी ती जिवंतच राहते. ती रीतसर मागे घ्यावी लागते.

आणि आगाऊ मेसेज का आला नाही? इतर आपोआप कपातींमध्ये, म्हणजे वर्गणी किंवा विम्याचा हप्ता असेल तर, पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी कळवणे बंधनकारक असते. फास्टॅग आणि नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे मेट्रोत चालणारे एनसीएमसी कार्ड, यांच्या आपोआप भरण्याला रिझर्व्ह बँकेने २२ ऑगस्ट २०२४ च्या परिपत्रकाने या पूर्वसूचनेतून सूट दिली. कारण सरळ आहे: शिल्लक कधी संपेल ते आधी सांगता येत नाही आणि नाक्यावर उभ्या गाडीला २४ तास थांबवता येत नाही. गाडी आपल्याकडे असते तोवर ही सूट सोयीची. गाडी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर मात्र तीच अंगावर येते, कारण तुम्हाला कळते ते पैसे गेल्यानंतरच्या मेसेजवरून, आणि तो मेसेज पन्नास इतर मेसेजांत बुडून जातो.

परवानगी कुठे दिली होती ते ओळखा

पासबुक समोर घ्या आणि त्या चार ५०० च्या ओळींचा तपशील वाचा. ओळीत UPI आणि बारा आकडी क्रमांक असेल तर परवानगी यूपीआय ऑटोपेची आहे. पैसे पासबुकात न दिसता क्रेडिट कार्डाच्या बिलात दिसत असते, किंवा तपशिलात डेबिट कार्डाचे शेवटचे चार आकडे असते, तर ती कार्डावरची ई-मँडेट. आणि टॅग ज्या बँकेचा, बचत खातेही त्याच बँकेत असेल, तर कधी कधी टॅग खात्यालाच जोडलेला असतो; मग ओळीत यूपीआयही नसते आणि कार्डही नसते, नुसते फास्टॅगचे नाव आणि गाडीचा किंवा टॅगचा क्रमांक असतो.

यूपीआय असेल तर ज्या ॲपमधून ती सोय लावली होती तेच ॲप उघडा. ते काढून टाकले असेल तर त्याच मोबाइल नंबरावर पुन्हा टाका. टाकल्याने काही बिघडत नाही, परवानगी तशीच तिथे सापडते. प्रोफाइलमध्ये किंवा पेमेंट सेटिंगमध्ये Autopay किंवा Mandates नावाचा भाग असतो. तिथे चालू असलेल्या परवानग्यांची यादी येईल. फास्टॅगची नोंद बहुधा बँकेच्या किंवा वॉलेट कंपनीच्या नावाने असते, ‘फास्टॅग’ म्हणून शोधलेत तर चुकेल. तिच्यावर बोट ठेवले की कमाल रक्कम, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि एक लांबलचक मँडेट क्रमांक दिसतो, ज्याच्या शेवटी @ आणि काही अक्षरे असतात. या पानाचा स्क्रीनशॉट रद्द करण्याआधीच घ्या. पुढे वाद झाला तर हाच क्रमांक विचारला जातो, आणि रद्द झालेल्या नोंदी काही ॲपमध्ये शोधूनही सापडत नाहीत.

मग तिथे दोन बटणे दिसतील. Pause दाबू नका. ते तात्पुरते थांबवणे आहे, मुदत संपली की कपात पुन्हा सुरू होते. तुम्हाला हवे आहे Cancel किंवा Revoke. ॲप यूपीआय पिन मागेल, तो द्या. नोंद रद्द झाल्याचे पान दिसले आणि बँकेचा मेसेज आला की त्याचाही स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा.

कार्ड असेल तर बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा कार्डाच्या ॲपमध्ये ई-मँडेट अथवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असा विभाग असतो. अशी परवानगी कधीही ऑनलाइन मागे घेण्याची सोय देणे रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला बंधनकारक केले आहे, आणि या सोयीसाठी शुल्क घेता येत नाही. शाखेत कोणी ‘टॅगवाल्या कंपनीकडूनच बंद करून आणा’ म्हणाले तर हे नम्रपणे सांगा. खाते थेट जोडलेले असेल तर मात्र बटण शोधत बसू नका. टॅगच्या पोर्टलवर किंवा शाखेत लेखी विनंती देऊन जोडणी काढायला लावा.

परवानगी मागे घेतली की टॅगच्या ॲपमध्ये जाऊन Auto recharge ची सूचनाही बंद करा. ती चालू राहिली तर ॲप ‘शिल्लक कमी आहे, पुन्हा चालू करा’ म्हणून टुमणे लावते, आणि घाईत दिलेल्या एका होकाराने नवी परवानगी तयार होते.

खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत, म्हणजे कपात आपोआप फसेल, असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. परवानगी तशीच राहते, खात्यात पगार जमा झाला की पैसे जातात, आणि ती नॅच पद्धतीची, म्हणजे हप्त्यांसाठी थेट बँक खात्यावर नोंदवतात तशी, असेल तर परत गेलेल्या प्रत्येक मागणीवर बँक दंडही लावू शकते.

आता टॅग

फास्टॅग गाडीसोबत विकता येत नाही. तो गाडीच्या नंबराला जोडलेला असला तरी त्यामागचे वॉलेट तुमच्या केवायसीवर उघडलेले असते. नव्या मालकाने आरसी स्वतःच्या नावावर करून घेतली तरी टॅग आपोआप त्याचा होत नाही. एका गाडीला एकच टॅग चालू ठेवायचा असा नियम आहे, त्यामुळे तुमचा बंद होणे त्याच्याही सोयीचे आहे.

टॅग बंद करणे हे तो देणाऱ्या बँकेचेच काम. टोलनाक्यावरचा माणूस किंवा गाडीचा एजंट ते करू शकत नाही. टॅग कोणत्या बँकेचा हेच आठवत नसेल, आणि हे फार जणांचे होते, तर फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या संकेतस्थळावर NETC FASTag च्या भागात टॅगची स्थिती बघायची सोय आहे. गाडीचा नंबर टाकला की देणाऱ्या बँकेचे नाव आणि टॅग चालू आहे की नाही ते दिसते. हे पान लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

बँकेच्या फास्टॅग पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाइल नंबराने आत जा. इथेच पहिला अडथळा येतो. टॅग घेताना नंबर कोणाचा दिला होता? यजमानांचा असेल तर ओटीपी त्यांच्या फोनवर जाईल. एजंटाने स्वतःचा नंबर टाकून टॅग काढून दिला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाईल, आणि मग आधी शाखेत ओळखपत्र दाखवून नंबर बदलून घ्यावा लागेल. त्याला फोन करून ओटीपी विचारण्यापेक्षा तेच बरे.

आत गेल्यावर पुन्हा दोन सारख्या दिसणाऱ्या वाटा असतात. एक टॅग ब्लॉक किंवा हॉटलिस्ट करण्याची, दुसरी टॅग बंद करण्याची. ब्लॉक केल्याने टॅग नाक्यावर चालणे थांबते, पण वॉलेट उघडेच राहते आणि पैसे आत पडून राहतात. परतावा मिळतो तो बंद करण्याच्या अर्जावर. दोन्ही सोयी असतील तर आधी ब्लॉक करा आणि लगेच बंद करण्याचा अर्ज टाका. ब्लॉकमुळे मधल्या दिवसांतले टोल थांबतील. कारण विचारले तर ‘गाडी विकली’ हेच लिहा. ‘टॅग खराब’ लिहिले तर बँक जुन्याच्या जागी नवा टॅग देऊन शिल्लक त्यावर वळवू शकते, आणि मग तोही बंद करत बसावे लागेल.

एक विनंती: ब्लॉक करण्याआधी नव्या मालकाला किंवा एजंटाला एक दिवस आधी कळवा. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेसह राज्याच्या टोलनाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग बंधनकारक आहे आणि चालू टॅग नसेल तर दुप्पट टोल पडतो. त्या माणसाला कदाचित टॅग तुमच्या पैशावर चालतोय हेच ठाऊक नसेल. ‘उद्या संध्याकाळी टॅग बंद करते आहे, तुमचा नवा घ्या’ एवढा एक लेखी निरोप पुरतो. तोच निरोप पुढे तुमचा पुरावाही ठरतो.

बँक सोबत काय मागेल? गाडी विकल्याचा पुरावा. आरटीओकडे दिलेल्या फॉर्म २९ ची पोच सगळ्यात चांगली. ती नसेल तर विक्रीचा करार किंवा एजंटाची ताब्याची पावती. फॉर्म २९ दिलाच नसेल तर फास्टॅगपेक्षा मोठी काळजी तीच आहे: राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, नाहीतर त्या गाडीचे चलन आणि अपघाताची नोटीस तुमच्या दारात येते. काही बँका फाडलेल्या टॅगचा फोटो मागतात. टॅग काचेवरून सोलला की त्याच्या पोटातली पातळ धातूची पट्टी, म्हणजेच अँटेना, तुटते आणि तो पुन्हा कुठे चिकटवून चालत नाही. तुमच्या बाबतीत टॅग दुसऱ्याच्या गाडीवर आहे, तर अर्जात तसे स्पष्ट लिहा आणि फोटोच्या जागी विक्रीचा कागद जोडा.

अर्जासाठी हा मजकूर वापरा, कंसात तुमचा तपशील भरा:

```
माझा फास्टॅग (टॅग क्रमांक), गाडी क्र. (नंबर).
गाडी (तारीख) रोजी विकली आहे. विक्रीचा पुरावा सोबत.
टॅग आजच ब्लॉक करून कायमचा बंद करावा.
वॉलेटमधील शिल्लक व अनामत रु. २०० खालील खात्यात जमा करावी.
(खातेधारकाचे नाव, खाते क्रमांक, आयएफएससी)
या अर्जानंतर लागणाऱ्या टोलची जबाबदारी माझी राहणार नाही.
आपोआप भरण्याची परवानगी मी (तारीख, वेळ) रोजी रद्द केली आहे.
```

पोर्टलवर अर्ज टाकला तरी हाच मजकूर बँकेच्या फास्टॅग मदत ईमेलवर पाठवा. अर्जाचा क्रमांक आणि वेळ यांचे मोल इथे फार आहे. त्या क्षणाआधीचे टोल तुमच्या गळ्यात पडतात, त्यानंतरचे का कापले याचे उत्तर बँकेने द्यायचे असते.

परत किती मिळणार

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. गाडी दिली तेव्हा ६४० होते. त्यात चार वेळा ५०० म्हणजे २,००० भरले गेले, एकूण २,६४०. आज ४०० शिल्लक आहेत, म्हणजे २,२४० खर्च झाले. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर कारचा एका बाजूचा टोल १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे, आणि ३२० गुणिले ७ बरोबर २,२४० होतात. गाडी एक्सप्रेसवेने सात वेळा गेली असे दिसते. पण अंदाजावर थांबू नका. पोर्टलवरून टॅगचे विवरण काढा, त्यात प्रत्येक टोलसमोर नाक्याचे नाव आणि वेळ असते. एक्सप्रेसवेच्या एका फेरीचे पैसे दोन नाक्यांवर मिळून कापले जातात, त्यामुळे सात फेऱ्यांच्या सातपेक्षा जास्त ओळी दिसल्या तर गोंधळू नका.

बँकेकडून तुम्हाला मिळतील ४०० शिल्लक आणि २०० अनामत, एकूण ६००. टॅगची स्वतःची किंमत म्हणून घेतलेले पैसे परत मिळत नाहीत. अनामत मात्र तुमचीच आहे आणि ती मागायला लोक विसरतात, कारण ॲपमध्ये शिल्लक म्हणून ती दिसत नाही. ती फक्त पहिल्या पावतीवर असते. म्हणूनच वरच्या अर्जात तिची रक्कम आकड्यात लिहिली आहे. शिल्लक उणे असेल तर बँक ती अनामतीतून वळती करते, तुमच्या बाबतीत तसे काही नाही.

२,२४० रुपये बँक देणार नाही, आणि तिच्याकडे ते मागण्यात वेळ घालवू नका. टोल खरे लागले, परवानगी खरी होती. काही जण अशा वेळी बँकेत ‘फसवणूक झाली’ म्हणून तक्रार करतात. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारा नियम इथे लागू होत नाही, कारण पैसे तुम्हीच दिलेल्या परवानगीने गेले. अशी तक्रार ‘व्यवहार अधिकृत’ असा शेरा मारून बंद होते, आणि मग टॅग बंद करण्याचा सरळ अर्जही त्याच फायलीत अडकतो. हे पैसे मागायचे ते गाडी चालवणाऱ्याकडे. टॅगचे विवरण, विक्रीच्या तारखेचा कागद आणि ‘सात फेऱ्यांचे २,२४०’ एवढा साधा संदेश एजंटाला व नव्या मालकाला पाठवा. गाडी कोणत्या तारखेला कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली हे समोर असले की बहुतेक माणसे वाद घालत नाहीत. एजंटाला आरसी हस्तांतराच्या कागदांवर तुमची सही अजून हवी असेल तर हा विषय त्याच भेटीत काढा.

एक अपवाद आहे. परवानगी रद्द केल्याच्या वेळेनंतर खात्यातून ५०० गेले, तर ते बँकेने परत करायचे. त्यासाठी रद्द झाल्याचा तो स्क्रीनशॉट लागतो. फक्त कार्डाच्या बाबतीत, जी मागणी रद्द करण्याआधीच वाटेत होती ती पूर्ण होऊ शकते, म्हणून वेळ नीट जुळवून बघा.

परतावा कुठे अडकतो

बंद करण्याचा अर्ज मंजूर झाला तरी पैसे लगेच येत नाहीत. नाक्यावरून निघालेली नोंद तुमच्या बँकेपर्यंत कधी कधी उशिरा पोचते, म्हणून बँक उशिराच्या टोलसाठी काही दिवस थांबते आणि मग उरलेले देते. हा थांबा रास्त आहे. त्यापुढे अडकले तर कारण बहुधा नावात असते: टॅग ‘अ. ब. कुलकर्णी’ नावावर आणि बँक खाते पूर्ण नावावर, किंवा टॅग यजमानांच्या नावावर आणि खाते तुमच्या. पैसे परत जातात आणि अर्ज ‘पूर्ण’ दिसत राहतो. म्हणून ज्याच्या नावाचा टॅग त्याच्याच नावाचे खाते द्या आणि रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो जोडा.

तुमच्या टॅगचे पैसे एखाद्या वॉलेट ॲपच्या सर्वसाधारण पाकिटातून जात असतील तर चित्र थोडे वेगळे. टॅग बंद झाल्यावर पैसे पाकिटातच राहतात. पूर्ण केवायसीचे पाकीट असेल तर ते सरळ बँक खात्यात पाठवता येतात. किमान माहितीवर उघडलेले लहान पाकीट असेल तर त्यातून बँकेत पैसे पाठवता येत नाहीत, आणि इथेच लोक ‘पैसे गेले’ म्हणून सोडून देतात. तसे नाही. पाकीटच बंद करण्याचा पर्याय निवडला की शिल्लक ज्या खात्यातून भरली होती तिथे परत पाठवता येते. दुसऱ्या खात्यात हवी असेल तर आधी पूर्ण केवायसी करावी लागते.

परताव्याची चौकशी करताना इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘फास्टॅग रिफंड’च्या मोबाइल नंबरावर फोन करू नका. नंबर फक्त टॅगच्या पावतीवरचा किंवा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा. पिनबाबत एकच फरक लक्षात असू द्या: परवानगी रद्द करताना तुम्ही स्वतः उघडलेल्या ॲपमध्ये पिन द्यावा लागतो, पण पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘परतावा स्वीकारायला पिन टाका’ असे कोणी म्हटले की फोन ठेवून द्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा क्रमांक नसेल तर ती पहिल्याच पायरीवर परत येते. उत्तर आल्यावर उगाच महिने घालवू नका.

पैसे जमा झाले की एनपीसीआयच्या त्या स्थितीच्या पानावर गाडीचा नंबर पुन्हा टाका. तुमच्या बँकेचा टॅग तिथे चालू दिसता कामा नये. दिसला तर परतावा मिळूनही टॅग नोंदीत जिवंत आहे, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट बँकेला पाठवून तो काढायला लावा.

मुलाचे मेट्रो कार्ड

इथे नियम जवळजवळ उलटा आहे, म्हणून घाई करू नका. आपोआप भरणे मात्र आजच बंद करा, रीत वरचीच. कार्डातले पैसे परत मिळतील की नाही, हे कार्ड कोणत्या प्रकारचे आहे त्यावर ठरते.

केवायसीशिवाय, खिडकीवर लगेच मिळणारे प्रवासाचे कार्ड असेल तर त्यात जास्तीत जास्त ३,००० रुपये ठेवता येतात आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यातून रोख काढणे, परतावा किंवा दुसरीकडे पाठवणे यांपैकी काहीही चालत नाही. स्टेशनवर वाद घालून उपयोग नाही, तिथल्या माणसाच्या हातात ते नसतेच. त्या कार्डातले पैसे प्रवासातच संपवायचे.

पूर्ण केवायसीचे कार्ड असेल तर त्यात दोन कप्पे असतात. एक बँकेच्या सर्व्हरवरचा, दुसरा कार्डाच्या चिपमधला, ज्यात २,००० पर्यंत राहतात. गेटवर टेकवल्यावर पैसे जातात ते चिपमधून. ऑनलाइन भरलेले आधी सर्व्हरवर थांबतात आणि स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड ‘अपडेट’ केले की चिपमध्ये उतरतात. म्हणून ॲपमध्ये एक आकडा आणि गेटवर दुसरा दिसतो. सर्व्हरवरचे पैसे कार्ड देणाऱ्या बँकेकडून परत मागता येतात, चिपमधले तसे सुटत नाहीत. तेव्हा मुलाला सांगा की परतावा मागायचा असेल तर कार्ड अपडेट करू नको, नाहीतर सुटणारे पैसे न सुटणाऱ्या कप्प्यात जाऊन बसतील.

चिपमधले वाया जात नाहीत. कार्डावर रुपेचे नाव आणि एनसीएमसीचे चिन्ह असेल तर बंगळूरच्या नम्म मेट्रोत तेच कार्ड गेटवर टेकवता येते. पुण्याचा पास त्यावर भरलेला असेल तर तो मात्र तिथे चालणार नाही, चालतील ते नुसते पैसे. कार्ड हरवले तर चिपमधली रक्कम परत मिळत नाही, म्हणून ते खिशात सांभाळून ठेवायला सांगा आणि संपेपर्यंत त्यात नवे पैसे घालू देऊ नका.